रविवारी नऊला पळापळ, साडेअकराला सगळे रिकामे: तासवार सेलचा रिपोर्ट बघून ड्यूटी लावताना होणारा घोळ

आधी प्रॉब्लेम सांगतो, कारण तो तुमच्याकडेही असेल तर दोन ओळींत ओळखू येईल. आमचं कॅफे कोथरूडमध्ये, चाळीसेक लोक बसतील एवढं, सकाळी आठ ते रात्री अकरा. रविवारी सकाळी टेकडीवरून उतरलेली मंडळी, सिंहगडावरून परत येणारे बाइकवाले आणि ‘आज घरी नाश्ता नको’ म्हणणारी कुटुंबं असे सगळे एकदम येतात, आणि दर रविवारी साधारण नऊ ते दहा आमची फजिती व्हायची. ऑर्डर अर्धा अर्धा तास अडकायची, पाणी कोणी विचारत नाही म्हणून काका लोक तापायचे. आणि गंमत म्हणजे साडेअकरा बाराला किचनमध्ये तीन माणसं उभी राहून गप्पा मारत असायची.

ड्यूटी मी अंदाजाने लावत नव्हतो हो. बिलिंग सॉफ्टवेअरमधून तासवार सेलचा रिपोर्ट काढायचो, वार निवडायचो, आणि त्यात रविवारचा सगळ्यात मोठा तास स्पष्ट दिसायचा, अकरा ते बारा. म्हणून किचनमधला दुसरा माणूस साडेदहाला बोलावला होता. तरी बोंब, म्हणून मग दहाला बोलावून बघितला, तरी बोंब, शेवटी परत साडेदहावर आलो. एक महिना तर वेटरच वाढवून बघितला, त्याने ऑर्डरी फक्त लवकर घेतल्या आणि किचनवर अजून ढीग लागला. तीनदा रोस्टर बदलून तोच त्रास पुन्हा पुन्हा आल्यावर किचनमधल्या मावशी म्हणाल्या, “दादा, तुमच्या कागदावर गर्दी अकराला येते, माझ्या तव्यावर ती साडेनऊलाच येते.” मी तेव्हा हसलो, पण बरोबर त्याच होत्या.

कारण असं आहे की हा रिपोर्ट बिल सेटल झाल्याच्या वेळेवर बनतो, म्हणजे पैसे कधी आले ते तो सांगतो, काम कधी आलं ते नाही. टपरीवर किंवा पार्सल काउंटरवर याने काही फरक पडत नाही कारण तिथे आधी पैसे आणि दोन मिनिटांत चहा. पण बसून खायच्या जागी ऑर्डर आणि बिल यात अख्खी मैफल असते. एका रविवारचं एकच टेबल घेऊन बघा, चार जण, बसले आठ पन्नासला, पहिली केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, 8:58 ला (दोन ऑम्लेट, एक सँडविच, चार कॉफी), दुसरी केओटी 9:35 ला (एक पॅनकेक, अजून दोन कॉफी), मग पेपर वाचून झाला, शेजारच्या टेबलावर ओळखीचे निघाले, त्यांच्याशी बोलणं झालं, आणि बिल 10:20 ला. रिपोर्टमध्ये हे सगळंच्या सगळं ‘दहा ते अकरा’मध्ये जाऊन बसलं. आठच्या आणि नऊच्या तासात या टेबलाचा एक रुपयाही नाही, आणि काम मात्र सगळं तिथेच झालेलं.

तुमच्याकडे हेच होतंय का हे तपासायला एक्सेल उघडायचीही गरज नाही, दिवसाची दोन टोकं बघा. आमची लास्ट ऑर्डर साडेदहाला, त्यानंतर किचन बंद. तरी रिपोर्टमध्ये अकरानंतरच्या तासात चांगला सेल दिसत होता! गॅस बंद असताना काय विकत होतो आम्ही? उघडायच्या टोकाला याच्या उलट, आठ ते नऊ जवळजवळ कोरं, आणि प्रत्यक्षात साडेआठला निम्मी टेबलं भरलेली. दोन्ही टोकांना असं दिसलं तर रिपोर्ट बिलाच्या वेळेवर आहे हे नक्की समजा. (पहाटे साडेतीनला जोरात सेल दिसत असेल तर तो वेगळा आजार, एक्सपोर्टमधली वेळ आपल्या घड्याळाची नसून यूटीसी आहे, त्यात साडेपाच तास मिळवा, विषय संपला.)

आता पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो तोच माझ्याही आला, की मग सरळ सगळा तक्ता एक तास मागे सरकवू. करू नका. कारण हा फरक सगळीकडे सारखा नसतो. आमच्याकडे रविवारी सकाळी पहिली केओटी ते बिल सरासरी सत्तर मिनिटं निघाली, तर आठवड्यातल्या दिवशी सकाळी पंचवीस, कारण तेव्हा ऑफिसला जाणारे लोक कॉफी ढोसून पळतात. संध्याकाळी पन्नासच्या आसपास, आणि दुपारी एखादा लॅपटॉपवाला एका कॉफीवर अडीच तास. सगळं एक तास मागे ओढलं असतं तर रविवार थोडा सुधारला असता आणि सोमवार ते शुक्रवार नवीन घोळ झाला असता.

खरा उपाय म्हणजे केओटीवार रिपोर्ट काढायचा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो असतो पण तासवार सेलसारखा समोर नसतो, शोधायला लागतो. त्यात प्रत्येक केओटीची वेळ आणि त्यातल्या आयटमची संख्या पाहिजे. फक्त बिलावरची पहिली केओटी घेऊ नका, वरच्या टेबलाची दुसरी ऑर्डर 9:35 ची होती, ती पण कामच आहे. आणि रुपये नकोत, आयटम मोजा. डिस्प्लेमधली ब्राउनी काढून प्लेटमध्ये ठेवायला अर्धं मिनिट लागतं आणि ती ऑम्लेटपेक्षा महाग असते, त्यामुळे रुपयांवर माणसं लावली की संध्याकाळी केक खपतो तिथे माणसं जास्त आणि सकाळी तवा पेटलेला असतो तिथे कमी, असं उलटंच होतं.

मी शीटमध्ये ‘KOT’ नावाचा एक टॅब केला, B कॉलममध्ये तारीख आणि वेळ एकत्र, D मध्ये आयटमची संख्या, आणि हे दोन फॉर्म्युले:

```
A2: =INT(B2)
C2: =HOUR(B2)+IF(MINUTE(B2)>=30,0.5,0)
```

A मध्ये नुसती तारीख येते आणि C मध्ये अर्ध्या तासाचा कप्पा, म्हणजे 9:35 ची केओटी 9.5 मध्ये. पूर्ण तासाऐवजी अर्धा तास घेतला कारण आमची सगळी फजिती दीड तासात उरकते, तासाच्या कप्प्यात ती पसरून सौम्य दिसते. पंधरा मिनिटांचे कप्पे पण करून बघितले पण त्यात आकडे इतके उड्या मारतात की काहीच कळत नाही.

इथे माझे दोन दिवस वाया गेले ते सांगतो. फाइल उघडल्यावर काही रविवार गायब आणि शनिवारी अचानक जास्त गर्दी! झालं असं होतं की एक्सपोर्टमध्ये तारीख आधी दिवस मग महिना अशी होती आणि माझ्या लॅपटॉपचं सेटिंग अमेरिकन. त्यामुळे 03/08/2025, म्हणजे 3 ऑगस्टचा रविवार, एक्सेलने 8 मार्च म्हणून वाचला, आणि 8 मार्च 2025 ला शनिवार होता. बारा तारखेपर्यंतचे दिवस असे गुपचूप बदलतात आणि तेरापासून पुढचे बदलू शकत नाहीत म्हणून नुसता मजकूर होऊन कप्प्याच्या डाव्या बाजूला चिकटतात. `=ISTEXT(B2)` लावून खालपर्यंत ओढा, कुठेही TRUE आलं तर आधी सेटिंग बदलून फाइल परत आणा, हाताने दुरुस्त करत बसू नका कारण जे चुकलंय ते दिसतच नाही, दिसतंय ते फक्त उरलेलं.

मग सरासरी. ही पण पिव्होट टेबलवर टाकून मोकळं व्हायचा मोह होतो आणि तिथेच पाय घसरतो, कारण पिव्होटमधलं ॲव्हरेज प्रत्येक ओळीची सरासरी काढतं, म्हणजे एका केओटीत किती आयटम ते, एका अर्ध्या तासात किती ते नाही. शिवाय ज्या अर्ध्या तासात काहीच विकलं नाही त्याची ओळच नसते. आमचं मंगळवार दुपारी तीन ते साडेतीनचं बघा, आठ मंगळवारांपैकी पाचच दिवशी काहीतरी गेलं, 6, 4, 5, 7 आणि 3 आयटम. बेरीज 25. असलेल्या पाच दिवसांनी भागलं तर 5, आठ मंगळवारांनी भागलं तर 3 च्या थोडंसं वर. दुपारी एक ते चार पुणं झोपतं हा जोक सगळे करतात, पण माझ्या तक्त्यात पुणं जागं दिसत होतं ते या भागाकारामुळे!

म्हणून मी पिव्होट सोडून एक साधा तक्ता केला. A मध्ये एकही न गाळता सगळ्या तारखा (आठ आठवडे, 21 जुलै ते 14 सप्टेंबर 2025, म्हणजे 56 ओळी), B मध्ये वार, C मध्ये ‘हा दिवस वेगळा’ अशी खूण, तिथे 0 किंवा 1, आणि D पासून पुढे वरच्या ओळीत 8, 8.5, 9 असे कप्पे.

```
B2: =WEEKDAY(A2,2)
D2: =SUMIFS(KOT!$D:$D,KOT!$A:$A,$A2,KOT!$C:$C,D$1)
```

काही विकलं नसेल तिथे आपोआप 0 येतो, हीच यातली सोय. सोमवार 1 आणि रविवार 7.

C कॉलम का पाहिजे ते या आठ आठवड्यांतच कळतं. गणपती 27 ऑगस्टला बसले, 1 सप्टेंबरच्या सोमवारी गौरीपूजन, 6 सप्टेंबरच्या शनिवारी विसर्जन. विसर्जनाच्या दिवशी आम्ही बंदच ठेवतो, स्टाफपैकी निम्मी पोरं ढोलपथकात, कोण येणार कामाला. त्याआधी 16 ऑगस्टच्या शनिवारी दहीहंडी, संध्याकाळी रस्ते तुंबलेले. शनिवारी संध्याकाळी सात ते साडेसातचे आठ आकडे असे आले: 38, 41, 36, 29, 40, 44, 0, 39. सरासरी 33. आता तो 29 दहीहंडीचा आणि 0 विसर्जनाचा, आणि 33 च्या जवळपास असा एकही शनिवार आमच्याकडे कधी उगवला नाही. मधला आकडा, म्हणजे मीडियन, घेतला तर 38 आणि 39 च्या मध्ये, आणि नेहमीचा शनिवार खरंच तसाच असतो. मीडियनला एखाद-दुसऱ्या विचित्र दिवसाने फरक पडत नाही, पण बंद दिवसाचा 0 आणि उघडं असून कोणी न आल्याचा 0 यातला फरक त्यालाही कळत नाही, तो आपणच C मध्ये 1 टाकून सांगायचा. पालखीचे दोन दिवस, दिवाळीचा आठवडा, झाड पडून लाइट गेलेली संध्याकाळ, सगळ्याला 1. रविवारचा मीडियन असा:

```
=MEDIAN(IF(($B$2:$B$57=7)*($C$2:$C$57=0),D$2:D$57))
```

जुन्या एक्सेलमध्ये आणि गुगल शीटमध्ये हा Ctrl+Shift+Enter दाबून टाकायचा, नुसतं Enter दाबलं तर चुकीचा आकडा किंवा एरर येतो. आणि सणाचे दिवस काढून टाकून विसरायचे नाहीत, त्यांची वेगळी यादी ठेवा, पुढच्या वर्षी त्या तारखा बदलतील पण वागणं साधारण तेच राहतं.

हे सगळं करून रविवारचा जो तक्ता आला तो खाली, डावीकडे जुना म्हणजे बिलाच्या वेळेने आणि उजवीकडे केओटीच्या वेळेने, दोन्हीत आयटमच मोजलेत.

| अर्धा तास | बिलाने | केओटीने |
|---|---|---|
| 8:00 | 2 | 9 |
| 8:30 | 4 | 18 |
| 9:00 | 8 | 27 |
| 9:30 | 13 | 29 |
| 10:00 | 21 | 24 |
| 10:30 | 27 | 17 |
| 11:00 | 28 | 12 |
| 11:30 | 22 | 9 |

मावशींचा साडेनऊ एकदम करेक्ट. मी दुसरा माणूस ज्या साडेदहाला आणत होतो तिथे तव्यावरचं काम उतरायला लागलेलं, म्हणजे युद्ध संपल्यावर कुमक पाठवण्यातला प्रकार.

आता 29 आयटम म्हणजे किती माणसं? साडेनऊच्या त्या 29 मध्ये साधारण 17 किचनचे आणि 12 कॉफी-चहाचे. किचनमध्ये एक माणूस अर्ध्या तासात न गडबडता किती काढतो हे दोन शनिवार घड्याळ लावून बघितलं, दहाच्या आसपास. म्हणजे नऊ ते साडेदहा दोन माणसं पाहिजेतच, तिसरं नको. कॉफी मशीनवर एक जण पुरतो. हा दहाचा आकडा आमचा आहे, तुमच्या मेन्यूत डोसा असेल किंवा सगळंच आधी तयार असेल तर तो वेगळा येणार, तेव्हा मोजल्याशिवाय उचलू नका.

पण कोणाला नऊ ते साडेदहा एवढ्यासाठी बोलावता येत नाही, शिफ्ट आठ तासांची. दुसऱ्या माणसाला साडेदहा ते साडेसहावरून आठ ते चारवर आणला, आणि लगेच दुसरं भोक पडलं. संध्याकाळची चिरणं, सॉस, कणीक ही सगळी तयारी तोच माणूस चार ते साडेसहा करायचा, आणि तयारीची केओटी निघत नाही त्यामुळे ती कुठल्याच तक्त्यात नव्हती. पहिल्या रविवारी सकाळ मस्त गेली आणि संध्याकाळी सातला चटणी संपली. मग संध्याकाळचा माणूस पाचऐवजी चारला आणला. तेव्हा तक्त्यावरून ड्यूटी लावायच्या आधी कोण कधी काय तयारी करतं हे किचनला विचारून पेनाने लिहून घ्या.

हे करूनही आकडा खोटा पडू शकतो अशा दोन जागा मला सापडल्या. एक म्हणजे वेटर ऑर्डर वहीवर घेतो आणि गर्दी सरली की चार टेबलांच्या केओट्या एकदम मारतो. तसं असेल तर केओटीची वेळ पण उशिराचीच. ओळखायचं कसं, तर एकाच मिनिटाला तीन-चार वेगळ्या टेबलांच्या केओट्या दिसतात, आणि हे वारंवार. आमच्याकडे एक पोरगा हेच करायचा, त्याला ओरडून उपयोग नव्हता कारण स्क्रीन एकच होती आणि तिथे रांग लागायची, दुसरा जुना टॅब लावल्यावर थांबलं. दुसरी जागा जरा अवघड. जे लोक दारातून गर्दी बघून परत गेले त्यांची केओटीच नाही. नऊला 27 आयटम गेले म्हणजे मागणी 27 ची होती असं नाही, कदाचित किचनची ताकदच तेवढी होती. दोन रविवार काउंटरच्या पोराला परत जाणाऱ्यांची वहीत रेघ मारायला सांगितलं, साडेनऊच्या कप्प्यात एकदा पाच आणि एकदा सात माणसं निघाली. म्हणून दुसरा माणूस सकाळी आणल्यावर महिन्याभराने तक्ता परत काढा. आमचा नऊचा आकडा 27 वरून 31 वर गेला, लोक वाढले नव्हते, परत जायचे थांबले होते.

जुना बिलाच्या वेळेचा रिपोर्ट मात्र मी बंद केलेला नाही. टेबल पुसायचं आणि भांड्यांचं काम बिल झाल्यावरच येतं, आणि तिथे तो रिपोर्ट अगदी बरोबर निघतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशी आधी किचनबरोबर आठला यायच्या आणि दीड-दोन तास बसून राहायच्या, मग बाराला त्यांची जायची वेळ व्हायची तेव्हा सिंक काठोकाठ भरलेलं असायचं. आता त्या रविवारी साडेनऊला येतात आणि दीडला जातात.